टेबल वनचा दिवस

सकाळी ९.३०
रक्तदाबाच्या एका औषधाच्या चाचणीचा डेटा काल रात्री कुलूपबंद झाला. २४० रुग्ण, १२० नव्या औषधावर, १२० जुन्या. (आकडे ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत, हिशेब मात्र तोच.) आज त्यातलं पहिलं टेबल करायचं, म्हणजे औषध सुरू होण्याआधी दोन्ही गटांत कोण माणसं होती ते. ओळी कोणत्या घ्यायच्या याची यादी प्रोटोकॉलमध्येच ठरलेली आहे: वय, लिंग, सुरुवातीचा रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, किडनीचं क्रिएटिनिन, ट्रायग्लिसराइड. निकालावर ज्याचा परिणाम होऊ शकतो, किंवा "हे रुग्ण माझ्या ओपीडीतल्यांसारखे आहेत का" हे ज्यावरून वाचणाऱ्या डॉक्टरला कळेल, तेवढंच. फॉर्मवर भरलं म्हणून टेबलात घ्यायचं, असं नाही.

सकाळी ११
ट्रायग्लिसराइडपाशी अडकले. सरासरी १६८, प्रमाण विचलन ११२. सरासरीतून दोन विचलनं वजा केली तर उत्तर शून्याखाली जातं, आणि रक्तातली चरबी उणे नसते. म्हणजे काही मोजक्या रुग्णांचे आकडे फार वर आहेत. इथे मध्यक आणि चतुर्थकं द्यायची. वय आणि रक्तदाबाला सरासरी आणि विचलन चालतं. प्रमाण त्रुटी मात्र अजिबात नाही: ती सरासरी किती पक्की ते सांगते, रुग्ण एकमेकांपासून किती वेगळे ते नाही. शिवाय आकडा लहान असल्यामुळे टेबल उगाचच नीटनेटकं दिसतं. ट्रायग्लिसराइड एका गटात १११ जणांचंच आहे, ते त्याच ओळीत लिहिलं.

दुपारी १२.३०
R चं tableone पॅकेज न सांगता प्रत्येक ओळीला p लावतं. ते बंद करावं लागतं:

```
t1 <- CreateTableOne(vars = v, strata = "arm",
                     data = d, test = FALSE)
print(t1, nonnormal = "tg")
```

दुपारी ३
मुख्य संशोधक आले. टेबल वरून खाली पाहिलं आणि अपेक्षित प्रश्न विचारला, "मॅडम, p चा कॉलम कुठाय?"
"सर, काढलाय. p कशाची शक्यता सांगतो? हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असता, तर एवढा किंवा याहून मोठा दिसण्याची. पण गट संगणकाने सोडत काढून पाडलेत. फरक योगायोगाचाच आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे."
"पण वयात फरक दिसतोय."
खरंच दिसत होता. नव्या औषधाच्या गटाचं सरासरी वय ५४.२, जुन्याचं ५६.९, विचलन साधारण १०. आग्रह होता म्हणून कागदावर काढून दाखवलं: p सुमारे ०.०४. वरच्या रक्तदाबात १५८.४ आणि १६१.०, विचलन १४. p सुमारे ०.१५. सर म्हणाले, "मग वयासाठी दुरुस्ती करू, रक्तदाब ठीक आहे."
नेमकं उलटं. सहा महिन्यांनंतरचा रक्तदाब सुरुवातीच्या रक्तदाबावर बराच अवलंबून असतो. सहसंबंध ०.५ धरला, तर २.६ च्या फरकातला निम्मा, म्हणजे १.३ मिमी, औषधाने काही न करताही निकालात उतरतो. वयाचा संबंध ०.१ इतकाच असेल, तर २.७ वर्षांतून जेमतेम ०.४ मिमी येतो. ज्याला p ने ठीक ठरवलं, तोच फरक तिप्पट जड. फरक किती आणि त्या गोष्टीचा निकालाशी संबंध किती, हे दोन्ही पाहावं लागतं. p ला यातलं दुसरं ठाऊकच नसतं, आणि पहिल्यात रुग्णसंख्या मिसळलेली असते.
सुरुवातीच्या रक्तदाबाची दुरुस्ती प्रोटोकॉलमध्ये आधीपासून आहे. तीच होईल, टेबलात फरक निघाला असता किंवा नसता तरीही. टेबल पाहून दुरुस्तीची यादी ठरवायला लागलं, की हवा तो निकाल मिळेपर्यंत यादी बदलता येते. सरांना हा मुद्दा सगळ्यात लवकर पटला.

दुपारी ४.३०
चहावर ज्युनिअरने विचारलं, मग p चा उपयोगच नाही का? एका ठिकाणी आहे: सोडत खरंच झाली का, असा संशय असेल तेव्हा. २०१७ मध्ये जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने हजारो चाचण्यांची अशी टेबलं तपासली. त्यांत स्पेनची प्रेडिमेड ही आहाराची चाचणीही होती. शोध घेतल्यावर कळलं की काही घरांतल्या दुसऱ्या माणसाला सोडत न काढता पहिल्याच्याच गटात टाकलं होतं, आणि एका ठिकाणी दवाखानेच्या दवाखाने एकेका गटात गेले होते. २०१३ चा तो पेपर २०१८ मध्ये मागे घेऊन नव्या विश्लेषणासह छापला गेला. पण ती चौकशी, आणि तिथेही सगळ्या ओळींचा एकत्रित आकृतिबंध पाहतात. एका ओळीच्या ०.०४ वरून कुणी सोडतीवर बोट ठेवत नाही. वीस ओळी तपासल्या तर सरासरी एक तशी निघायचीच.

संध्याकाळी ६
मजकुरात ज्युनिअरने लिहिलं होतं, "दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता." ते खोडून लिहिलं: "जुन्या औषधाच्या गटाचं वय थोडं अधिक, आणि वरचा रक्तदाब २.६ मिमीने जास्त होता." समीक्षक p मागतीलच, काही जर्नलांचे मागतातच. त्यांच्यासाठी उत्तराचा मसुदा तयार ठेवला: कॉन्सॉर्ट २०१० च्या स्पष्टीकरणात या तपासण्या टाळायला सांगितलं आहे, आणि दुरुस्ती पूर्वनियोजित आहे. टेबल सरांना मेल केलं. एकूण रुग्णांचा तिसरा कॉलम हवा का, ते उद्या ठरेल.