स्लॅबच्या दिवसापासून उलटी मोजणी: पेठेतल्या साइटवर माल कधी मागवायचा?

बांधकाम व्यवस्थापनात संशोधन करायचं ठरवलं की सुरुवातीला बहुतेक जण मालाच्या किमतीकडे बघतात. गर्दीच्या शहरात मात्र खरी टंचाई असते ती जागेची, आणि ट्रक आत येऊ शकतो त्या तासांची. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू.

समजा, पुण्यातल्या एका पेठेत जुना वाडा पाडून छोटी इमारत उभी राहतेय. बोळ अरुंद, त्यामुळे तयार काँक्रीटची गाडी आत शिरत नाही, मिक्सर साइटवरच. समोर मोकळी जागा 45 चौरस मीटर. जड वाहनांना प्रवेश रात्री 10 ते सकाळी 6. रविवारी सकाळी 25 घनमीटर काँक्रीटचा स्लॅब टाकायचाय.

एम-20 काँक्रीटला 1:1.5:3 या प्रमाणात, ढोबळमानाने, एका घनमीटरला 8 गोणी सिमेंट, 0.42 घनमीटर वाळू आणि 0.84 घनमीटर खडी लागते. म्हणजे 200 गोणी, 10.5 घनमीटर वाळू, 21 घनमीटर खडी. शिवाय अंदाजे अडीच टन सळई.

आता हे ठेवायचं कुठे? वाळू-खडीचा मोकळा ढीग पसरतो, म्हणून तीन बाजूंनी फळ्या लावून 1.2 मीटर उंचीचे कप्पे केले. वाळूला 11, खडीला 18 चौरस मीटर. सिमेंटची थप्पी 10 गोण्यांपेक्षा उंच लावत नाहीत, नाहीतर खालच्या गोण्या दबून गठ्ठे होतात. म्हणून चालायच्या वाटेसकट 8. मिक्सरला 8. बेरीज बरोबर 45! पण सळई राहिली. ती 12 मीटर लांब, आणि वाकवायच्या टेबलासकट तिला आणखी 18 चौरस मीटर हवेत.

उत्तर क्रमात आहे. सळई सर्वांत आधी येते, समजा आठ दिवस आधी, कारण कापणं, वाकवणं आणि बांधणं यात दिवस जातात. बांधून झाली की ती शटरिंगवर चढते आणि खालची जागा मोकळी होते. शुक्रवारी इंजिनिअरने सळई तपासली की त्या रात्री वाळू आणि खडी. सिमेंट शेवटी, शनिवारी लहान टेम्पोतून. ते दमट हवेत पडून राहिलं तर ताकद घटते, म्हणून लवकर आणण्यात फायदा काहीच नाही. थोडक्यात, एकच जागा आपण दोनदा वापरली. सळई बांधायला दोन दिवस उशीर झाला, तर खडीचा डंपर बोळाच्या तोंडाशी उभा राहणार आणि रिकामा कुठे करायचा हेच कळणार नाही.

रात्रीच्या वेळेतही एक मेख आहे. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6 हेच तास, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा 45 डेसिबल. म्हणजे ट्रकला परवानगी नेमकी तेव्हाच, जेव्हा खडी ओतण्याचा आवाज शेजाऱ्यांना सर्वांत जास्त खुपतो. वाळू त्या मानाने शांतपणे उतरते. म्हणून खडी 10 वाजता, लोक जागे असताना, वाळू नंतर.

आता सगळ्यात फसवी गोष्ट: ओली वाळू फुगते. कणांभोवतीची पाण्याची पातळ साय कण एकमेकांपासून दूर ठेवते. फुगवटा 20 टक्के असेल, तर मोजून घेतलेल्या 10.5 घनमीटरमध्ये खरी वाळू 8.75 घनमीटरच. त्यातून सुमारे 21 घनमीटर काँक्रीट होईल. 4 घनमीटरचा स्लॅब उघडा राहील. पुढचा डंपर रात्री 10 नंतर. तोवर आधीचं काँक्रीट घट्ट होतं आणि जुन्या-नव्यामध्ये कच्चा सांधा राहतो, जिथून पुढे गळती सुरू होऊ शकते.

ओळखायचं कसं? काचेच्या सरळ भांड्यात वाळू सैल भरा, उंची मोजा, मग पाणी भरून ढवळा. 200 मिलीमीटरची वाळू 160 वर बसली, तर फुगवटा 40 भागिले 160, म्हणजे 25 टक्के. आपल्या 20 टक्क्यांच्या वाळूसाठी 12.6 घनमीटर, म्हणजे साधारण साडेचार ब्रास मागवावी लागेल. वाळूचा कप्पा 11 चौरस मीटरचा ठेवला तो यासाठीच.

आता संशोधनाचा प्रश्न. प्रत्येक माल वेळेवर येण्याची शक्यता 90 टक्के धरा. चारही माल वेळेवर येण्याची शक्यता 0.9 चा चौथा घात, म्हणजे जेमतेम 66 टक्के. पण हे गणित उशीर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरं. एकाच पावसाने वाळू आणि खडी दोन्ही अडतात, तेव्हा आकडा बदलतो. म्हणून साइटवर गेलात तर गेटच्या वहीतून प्रत्येक गाडीची कबूल केलेली वेळ, आल्याची वेळ आणि रिकामी होऊन गेल्याची वेळ उतरवून घ्या. कोणते उशीर जोडीने येतात, हे त्यातच दिसेल.