‘बीबी का मकबरा’मध्ये ‘का’ का?

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले, की त्यांना घेऊन जायचं एक ठिकाण ठरलेलंच असतं: बीबी का मकबरा. रिक्षावाल्या काकांना नुसतं ‘मकबरा’ म्हटलं तरी कळतं. पण आज आपण पूर्ण नाव घेऊ या आणि त्यातल्या मधल्या इवल्याशा शब्दाकडे नीट बघू या.

या नावातली बीबी म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानो. ती 1657 साली वारली आणि तिच्या कबरीवर ही पांढरी इमारत उभी राहिली. बीबी ही बाई आहे. हिंदीत बाईसाठी ‘की’ येतं, असं आपण ऐकलेलं असतं. मग ‘बीबी की मकबरा’ का नाही?

उत्तर सोपं आहे. ‘का’ मागे वळून बघतच नाही. तो पुढच्या शब्दाकडे बघतो. मालक कोण, याच्याशी त्याला काही घेणं नाही. जी वस्तू पुढे येणार, तिचं लिंग काय, एवढंच तो विचारतो. मकबरा पुल्लिंगी, म्हणून ‘बीबी का मकबरा’. पुढे कबर आली तर ‘बीबी की कब्र’. दिलरस बानोचा मुलगा आजमशाह. तो पुरुष, तरी ‘आजमशाह की माँ’च म्हणावं लागतं, कारण पुढे माँ आहे.

हे तुम्हाला नवीन नाही. आपली मराठी अगदी असंच करते. बीबीचा मकबरा, बीबीची कबर, बीबीचे नाव. चा, ची, चे हेसुद्धा पुढच्या शब्दाकडे बघूनच बदलतात. हिंदीच्या पेपरातला प्रश्नच बघा ना: ‘रिक्त स्थानों की पूर्ति कीजिए’. ‘स्थान’ पुल्लिंगी आहे, वर ‘स्थानों’ म्हणजे अनेकवचन. तरी मध्ये ‘की’ आलं, कारण पुढची ‘पूर्ति’ स्त्रीलिंगी आहे. म्हणजे जागा भरायला सांगणाऱ्या वाक्यातच एका जागेचं उत्तर आहे!

मग नियम एकच असताना आपण मराठी बोलणारी मुलं चुकतो कुठे? नेमकं जिथे दोन्ही भाषा वेगळ्या वळतात तिथे. अशी तीन वळणं आहेत.

पहिलं वळण: ‘चे’ म्हणजे ‘के’ नव्हे

संस्कृतमध्ये तीन लिंगं होती. मराठीनं तिन्ही जपली: तो, ती, ते. हिंदीत ‘ते’ उरलं नाही, फक्त दोनच लिंगं राहिली. आपले बरेचसे ‘ते’वाले शब्द हिंदीत पुल्लिंगी होतात: घर, दूध, फूल, पानी, नाम.

आता पाणचक्कीला चला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलं आणि त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली. मराठीत आपण लिहितो, ‘पाणचक्कीचे पाणी’. ‘चे’ आणि ‘के’ कानाला सारखे वाटतात, म्हणून हात लिहून मोकळा होतो: ‘पनचक्की के पानी गिर रहा है’. इथेच चूक होते. हिंदीत पानी पुल्लिंगी आणि एकवचनी आहे, म्हणून ‘पनचक्की का पानी गिर रहा है’.

तिथे एक मोठा वडही आहे. मराठीत त्याची पाने, म्हणजे ‘वडाची पाने’. आता ‘ची’ ऐकून ‘बरगद की पत्ते’ लिहावंसं वाटेल. पण ही ‘ची’ स्त्रीलिंगाची नाही, ती ‘ते’वाल्या शब्दाच्या अनेकवचनाची आहे. हिंदीतला पत्ता पुल्लिंगी आहे. एक असेल तर ‘बरगद का पत्ता’, अनेक असतील तर ‘बरगद के पत्ते’.

दुसरं वळण: सगळ्यांना एकच ‘च्या’

हे सगळ्यात फसवं वळण आहे. मोठी माणसंही इथे घसरतात.

मकबऱ्यासमोर उभे राहा. मराठीत ‘बीबीचा मकबरा’ बदलून ‘बीबीच्या मकबऱ्यासमोर’ होतो. ‘चा’चा ‘च्या’ झाला. हिंदीतही असंच होतं: ‘बीबी के मकबरे के सामने’. शब्दाच्या मागून में, से, को, पर, तक, के सामने असं काही आलं, की आधीच्या ‘का’चा ‘के’ होतो आणि मकबराचाही मकबरे होतो. इथे एक चूक नेहमी दिसते: ‘बीबी का मकबरे के सामने’. मराठी बोलताना हे नाव आपल्या तोंडात इतकं घट्ट बसलंय, की ‘बीबी का मकबऱ्यात’ म्हणताना ‘का’ हलतच नाही. हिंदी वाक्यात मात्र तो हलतो.

इथपर्यंत दोघी भाषा बरोबर चालल्या. आता ‘माझी बहीण’ घ्या. मराठीत माझी बहीण, पण माझ्या बहिणीला. माझा भाऊ, तर माझ्या भावाला. बघितलंत? ‘माझ्या’, ‘च्या’ म्हणजे शाळेचा गणवेश. मुलगा असो की मुलगी, सगळे एकसारखे दिसतात. हिंदीत हा गणवेश फक्त पुल्लिंगी शब्दांना आहे. मेरा भाई, मेरे भाई को. पण मेरी बहन, मेरी बहन को. स्त्रीलिंगी शब्दाआधीचं ‘की’ किंवा ‘मेरी’ काही केल्या बदलत नाही. एकवचन असो, अनेकवचन असो, मागून ‘को’ येवो की ‘में’, ते ‘की’च राहतं.

म्हणून ‘मेरे बहन को बुलाओ’ चूक, ‘मेरी बहन को बुलाओ’ बरोबर. सलमाच्या दोन वह्या असल्या तर ‘सलमा के दो कॉपियाँ’ चूक, ‘सलमा की दो कॉपियाँ’ बरोबर. मराठीतला ‘च्या’ दिसला, की लगेच ‘के’ लिहायचं नाही. आधी विचारायचं: पुढचा शब्द स्त्रीलिंगी आहे का? असेल तर ‘की’ लिहा आणि पुढे चला.

अशीच एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. के पास, के सामने, के नीचे यांत ‘के’ असतं. त्यांच्याच नादानं मुलं ‘घर के तरफ’ लिहितात. पण ‘तरफ’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘घर की तरफ’. ‘जगह’ आणि ‘तरह’सुद्धा तसेच: दूध की जगह चाय, मोर की तरह नाचना.

तिसरं वळण: शब्दानं लिंग बदललं तर

काही शब्द दोन्ही भाषांत सारखे, पण लिंग वेगळं. मराठीत तो पतंग कटला, हिंदीत पतंग कट गई. मराठीत तो आवाज, हिंदीत माँ की आवाज. मराठीत ती बाग, हिंदीत फूलों का बाग. मराठीत मजा आली, हिंदीत मज़ा आया. ‘ते’वाल्या शब्दांमधलेही काही पुल्लिंगी न होता स्त्रीलिंगी झाले: पुस्तक, दुकान आणि नाक. म्हणून राम की पुस्तक, कपड़े की दुकान, हाथी की नाक.

हे कळायचं कसं? वाक्याच्या शेवटी बघा. ‘सलमा ___ पतंग कट गई’ यात ‘गई’नं पतंगचं लिंग सांगून टाकलं. ‘छुट्टी ___ मज़ा आ गया’ यात ‘गया’नं सांगितलं. पण वाक्य नुसत्या ‘है’वर संपलं, तर ‘है’ काहीच सांगत नाही. मग हिंदी शब्दकोश उघडायचा. शब्दाशेजारी ‘पुं.’ किंवा ‘स्त्री.’ असं छापलेलं असतं. बाजारात कानावर पडणाऱ्या हिंदीवर मात्र या एका बाबतीत विसंबू नका. आपल्या शहरात दखनीही बोलली जाते. तिच्यात आपल्या ‘नको’चा ‘नक्को’ आहे आणि ‘लोग’चं अनेकवचन ‘लोगां’ होतं. ती गोड आहे, तिचे स्वतःचे नियम आहेत, पण पेपरात विचारतात ते पुस्तकातल्या हिंदीचे.

आता एक लांबलचक कोडं

संध्याकाळी मकबऱ्याच्या चार कोपऱ्यांवरच्या उंच मिनारांची सावली बागेत पडते. हेच हिंदीत लिहू:

बीबी ___ मकबरे ___ मीनारों ___ परछाई

मराठीत हे होतं ‘बीबीच्या मकबऱ्याच्या मिनारांची सावली’. च्या, च्या, ची. जो मराठीवरून उडी मारेल तो लिहील के, के, की. बघू या बरोबर आहे का.

युक्ती अशी, की शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची. तिसऱ्या जागेपुढे परछाई. ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘की’. दुसऱ्या जागेपुढे मीनारों. मराठीत आपण तो मिनार म्हणतो, पण हिंदीत मीनार स्त्रीलिंगी. अनेकवचन आहे, मागून ‘की’ही आलंय, तरी स्त्रीलिंगी म्हटल्यावर दुसरा विचार नाही: ‘की’. राहिली पहिली जागा. तिच्यापुढे मकबरा, पुल्लिंगी. तो एकटा असता तर ‘का’ आलं असतं. पण त्याच्यामागे आत्ताच आपण ‘की’ भरलंय, त्यामुळे तो ‘मकबरे’ झालाय आणि आधीचा ‘का’ झाला ‘के’.

बीबी के मकबरे की मीनारों की परछाई. मधल्या एका जागेवर मराठीनं आपल्याला फसवलं असतं.

आता या ओळीला शेपूट लावा: ‘परछाई ___ रंग’. रंग पुल्लिंगी, एकटा, मागे काही नाही, म्हणून ‘का’. आधीच्या तीन जागा बदलल्या का? नाही. दोन ‘की’ तर कधी बदलतच नाहीत. आणि मकबऱ्याच्या मागचं ‘की’ जागचं हललेलं नाही, म्हणून पहिलं ‘के’ही तसंच.

तुम्ही भरा

1. पनचक्की ___ दीवार से पानी गिरता है।
2. गुलमंडी ___ बाज़ार में भीड़ है।
3. हम मकबरे ___ तरफ चल पड़े।
4. सलमा ___ पतंगें आसमान में उड़ रही हैं।
5. इस बाग ___ नाम क्या है?

उत्तरं: 1. की. दीवार स्त्रीलिंगी, मागून ‘से’ आलं तरी फरक नाही. 2. के. बाज़ार पुल्लिंगी, पण मागे ‘में’ आहे. 3. की. तरफ स्त्रीलिंगी. 4. की. पतंगें अनेकवचनी, तरी ‘की’च. 5. का. इथे बागेचं लिंग शोधत बसला असाल तर पुन्हा बघा: रिकाम्या जागेच्या पुढे बाग नाही, नाम आहे.