धुक्यात उतार शोधताना

पावसाळ्यात तुम्ही गडावर आहात. धुकं इतकं दाट की हातभर पुढचं दिसत नाही. पायथ्याचं गाव कुठल्या दिशेला, पत्ता नाही. मग पायानं चाचपून बघायचं, उतार कुठे आहे, आणि तिकडे एक पाऊल टाकायचं. पुन्हा चाचपायचं, पुन्हा पाऊल. (खऱ्या गडावर हे करू नका, पुढे कडा असतो!)

मशीन लर्निंगमधलं मॉडेल असंच शिकतं. या पद्धतीचं नाव ग्रेडियंट डिसेंट. तिची मूळ कल्पना फ्रेंच गणिती कोशी यांनी 1847 मध्येच मांडली होती.

आता आकडेच घेऊ. 3 वडापावचे 60 रुपये झाले. आपल्या मॉडेलकडे एकच आकडा आहे, एका वडापावचा भाव. त्याला उत्तर माहीत नाही, म्हणून ते 10 पासून सुरुवात करतं. अंदाज आला 30, म्हणजे 30 रुपये कमी. या फरकाचा वर्ग म्हणजे चूक: 900. ही झाली आपली डोंगरावरची उंची.

उतार काढायचा तर 2 गुणिले फरक गुणिले वडापावची संख्या: 2 × (−30) × 3 = −180. उणे चिन्ह सांगतं की भाव वाढवला तर चूक घटेल. पण 180 ची उडी मारायची नाही. उताराला 0.01 ने गुणायचं आणि तेवढंच सरकायचं. भाव झाला 11.8, चूक उतरली साधारण 605 वर. पुढच्या पावलाला भाव 13.28, चूक 407. खाली जाताना उतार सौम्य होतो, म्हणून पावलंही आपोआप लहान होतात आणि भाव 20 च्या जवळ जातो.

तो 0.01 म्हणजे लर्निंग रेट. तो 0.2 करून बघा. पहिल्याच पावलात भाव 46 होतो आणि चूक 6084! पुढच्या पावलात भाव उणे 47.6. दरी ओलांडून आपण समोरच्या डोंगरावर आणखी वर चढलो. म्हणून चूक पावलागणिक वाढत असेल, तर आधी लर्निंग रेट कमी करा. ती जेमतेम हलत असेल, तर रेट फारच लहान असू शकतो.

तुम्ही म्हणाल, 60 भागिले 3 केलं की झालं की! एका आकड्यासाठी बरोबर. पण मोठ्या मॉडेलमध्ये असे कोट्यवधी आकडे असतात आणि तिथे थेट उत्तर देणारा भागाकार नसतो. उतार मात्र प्रत्येक आकड्याचा काढता येतो.

एक मेख उरतेच. वडापावच्या डोंगराला एकच तळ होता. मोठ्या मॉडेलच्या डोंगरात मधेच खळगे आणि सपाट पठारं असतात. तिथे पायाखाली उतार लागत नाही, चूक घटायची थांबते. पण म्हणून गाव आलंच असं नाही. धुक्यात तेवढंच कळतं.