अनेकवचनाचा अनुस्वार आणि शुद्धलेखन-तपासनीस

संगणकावरील शुद्धलेखन-तपासनीस चुकीचा शब्द दाखवितो, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो फक्त कोशात नसलेला शब्द दाखवितो. हनस्पेलसारख्या तपासनिसाजवळ मूळ शब्दांची यादी आणि त्यांना लागणाऱ्या प्रत्ययांचे नियम असतात. समोरचा शब्द यांतून सिद्ध होत असेल, तर तो त्या वाक्यात योग्य आहे की नाही याची चौकशी होत नाही. इंग्रजीत its आणि it's किंवा affect आणि effect यांची अदलाबदल याच कारणाने निसटते. कोश जितका मोठा, तितक्या अशा चुका अधिक लपतात, हे जेम्स पीटरसन यांनी १९८६ साली इंग्रजीच्या बाबतीत दाखवून दिले. मराठीत या जातीची सर्वांत उपद्रवी चूक एका बिंदूची आहे.

पुढील वाक्य पाहावे: ‘चांदूर बाजार येथील सभेत संत्रा बागायतदाराच्या मागण्या वाचून दाखविण्यात आल्या.’ लेखकाला ‘बागायतदारांच्या’ म्हणावयाचे होते. बिंदू सुटला आणि अनेकांच्या मागण्या एकाच्या झाल्या. तपासनीस गप्प राहिला, कारण ‘बागायतदाराच्या’ हे एकवचनाचे निर्दोष रूप आहे. क्रियापदाचीही मदत नाही. ‘आल्या’ हे ‘मागण्या’ या शब्दाशी जुळते, बागायतदारांच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. ‘च्या’ हा प्रत्ययही मागण्यांचेच अनुवर्तन करतो. म्हणजे मालकाची संख्या सांगणारे चिन्ह त्या वाक्यात बिंदूवाचून दुसरे कोणतेच नाही. हेच वाक्य ठरावात किंवा वारसांच्या अर्जात असते, तर ‘मुलाच्या नावे’ आणि ‘मुलांच्या नावे’ यांतील अंतर केवळ व्याकरणाचे राहिले नसते.

ही चूक सर्वत्र सारखी निसटत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. द्वितीया-चतुर्थीत एकवचनाला ‘ला’ आणि अनेकवचनाला ‘ना’ हा प्रत्यय लागतो; तृतीयेत ‘ने’ आणि ‘नी’. त्यामुळे ‘बागायतदाराना’ किंवा ‘बागायतदारानी’ असे लिहिले, तर ते रूप कोणत्याच वचनात बसत नाही, आणि नियम नीट रचलेले असतील तर तपासनीस ते अडवितो. ‘संस्थांच्या’चा बिंदू गळाला तरी ‘संस्थाच्या’ हे रूप पकडले जाते. कारण एकवचन ‘संस्थेच्या’ असे आहे. धोका राहतो तो दोन्ही वचनांना एकच प्रत्यय लागतो आणि सामान्यरूपही एकच असते तेथे: शेतकऱ्याचे–शेतकऱ्यांचे, बहिणीच्या–बहिणींच्या, शेतात–शेतांत, मुलासाठी–मुलांसाठी, त्याच्या–त्यांच्या. षष्ठी, सप्तमी आणि शब्दयोगी अव्यये हे याचे मुख्य क्षेत्र आहे.

म्हणून सगळा मजकूर डोळ्यांखालून घालण्यापेक्षा संगणकाच्या शोधसोयीने ‘च्या’, ‘चे’, ‘साठी’, ‘वर’ असे एकेक शेवट काढून पाहावेत, आणि प्रत्येक ठिकाणी तेच नाम चतुर्थीत घालावे. वरील वाक्यात मागण्या कोणाला मान्य करून हव्या होत्या? ‘बागायतदाराला’ की ‘बागायतदारांना’? ‘ना’ ओठांवर आला की षष्ठीतही बिंदू हवा. वऱ्हाडातील वाचकाला याहून सोपी कसोटी घरीच उपलब्ध आहे. वऱ्हाडी बोलीत अनेकवचन बिंदूवर अवलंबून नसते. तेथे ‘लोकायचं’, ‘पोरायले’ असा स्पष्ट ‘य’ उच्चारला जातो. वाक्य बोलीत म्हणून पाहावे. ‘बागायतदारायच्या’ असे तोंडातून आले, तर लेखनात अनुस्वार राहून गेला आहे. प्रमाणभाषेत हा अनुस्वार बोलताना पुष्कळदा ऐकूच येत नाही, तेव्हा या बाबतीत बोली अधिक काटेकोर आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आदरार्थी अनेकवचनात ही कसोटी थोडी सावधपणे वापरावी लागते. चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे गुलाबराव महाराज ही व्यक्ती एकच. तरीही ‘महाराजांचे ग्रंथ’ असेच लिहावयाचे. संख्या मोजणारा तपासक येथे फसेल; ‘महाराजांना’ हे चतुर्थीचे रूप मात्र बरोबर उत्तर देते. आधीच्या वाक्यात ‘महाराजांनी’ आणि पुढे ‘त्याचे ग्रंथ’ असे आले, तर दोन्ही शब्द कोशात सापडतात. परंतु वाचकास ‘त्याचे’ म्हणजे दुसऱ्याच कोणाचे, असे वाटू शकते.

जुन्या मजकुराला मात्र ही रीत जशीच्या तशी लावता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली स्वीकारले गेले, आणि व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वी एकाच घराविषयीही ‘घरांत’ असे लिहीत. गुलाबराव महाराजांचे निधन १९१५ साली झाले. त्या काळातील छापील पानावर सप्तमीचा बिंदू दिसला, तर तो अनेकवचनाचा आहे असे गृहीत धरू नये. तेथे ‘घरां’वरील बिंदू पुसणे किंवा अनेकवचन मानून अर्थ लावणे, दोन्हींपूर्वी आजूबाजूची वाक्ये वाचावी लागतात.