०.६ मिलीचा डोस आणि ०.८ मिलीची नळी: रायल्स ट्यूबमधून मुलांना औषध देतानाचं गणित

गेल्या लेखात आपण ‘डोस’ या शब्दाचे दोन अर्थ पाहिले होते: लिहून दिलेला डोस आणि प्रत्यक्ष शरीरात पोचलेला डोस. त्यावर काहींनी विचारलं, की तोंडाने दिलेल्या औषधात या दोघांत एवढा फरक पडतो तरी कुठे? आज त्याचं एक स्वच्छ उदाहरण घेऊ. नाकातून जठरापर्यंत घातलेली नळी, म्हणजे वॉर्डात सगळे जिला रायल्स ट्यूब म्हणतात ती, आणि तिच्यातून लहान मुलाला दिलेलं औषध. इथे औषध वाटेत अडकू शकतं किंवा पोचतं पण भलत्याच रूपात पोचतं. दोन्ही गोष्टी मोजता येतात, म्हणून संशोधनाच्या दृष्टीने हा विषय छान आहे.

आधी नळी मोजू

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात सांगतात. १ फ्रेंच म्हणजे बाहेरचा व्यास एक तृतीयांश मिलीमीटर. म्हणजे ६ फ्रेंचची नळी बाहेरून २ मिमी जाड. आतली पोकळी मात्र बरीच कमी असते आणि ती कंपनीनुसार, नळीच्या पदार्थानुसार बदलते. आपल्या गणितासाठी आतला व्यास १ मिमी आणि लांबी १०० सेंमी धरू. मग पोकळीचं आकारमान ३.१४ × ०.०५ × ०.०५ × १००, म्हणजे साधारण ०.८ मिली.

आता एक बाळ घ्या. वजन ६ किलो, जन्मजात हृदयविकार, द्रवपदार्थांवर बंधन. त्याला फ्युरोसेमाइड दर किलोला १ मिग्रॅ, म्हणजे ६ मिग्रॅ द्यायचंय. द्रावण १० मिग्रॅ प्रति मिलीचं असेल तर डोस झाला ०.६ मिली. नळीत जागा ०.८ मिली! सिरिंज रिकामी झाली, चार्टवर सही झाली, आणि बाळाच्या जठरात त्या क्षणी कदाचित एक थेंबही गेलेला नाही. सगळा डोस नळीतच उभा आहे. पुढचं दूध जाईल तेव्हा तो जाईल, किंवा त्याआधीच नळी बदलली तर कचऱ्यात जाईल. फ्लश, म्हणजे औषधामागून ढकललेलं पाणी, हा डोसचाच भाग का मानायचा, ते इथे कळतं.

मग किती पाणी पुरे?

सहज वाटतं, की नळीत ०.८ मिली मावतं तर ०.८ मिली पाणी ढकललं की झालं. तसं होत नाही. बारीक नळीतला प्रवाह थरांचा असतो. मधला थर सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो आणि भिंतीलगतचा जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे पाणी मधून बोगदा काढल्यासारखं पुढे निघून जातं आणि कडेला औषध राहतं. मिसळणं अजिबात होत नाही असं धरून हिशेब केला, तर (एका नळीभर पाण्यापासून पुढे) उरलेलं औषध असं येतं:

```
उरलेला भाग = १ / (४ × न)
न = फ्लशचं आकारमान / नळीचं आकारमान
```

एक नळीभर पाणी दिलं (न = १) की चौथा भाग, २५ टक्के, मागे राहतो. २ मिली दिलं तर न = २.५, म्हणजे १० टक्के राहतात. ५ मिली दिलं तर न = ६.२५, म्हणजे ४ टक्के. पहिल्या २ मिलीने ९० टक्के काम होतं. पुढचे ३ मिली जेमतेम ६ टक्के भर घालतात.

हे आदर्श गणित आहे, वॉर्डातलं सत्य नाही. थोडं ढकलून, क्षणभर थांबून, परत ढकललं की पाणी घुसळतं आणि प्रत्यक्ष निकाल याहून बरा येतो. दाट, चिकट सिरप असेल तर वाईट येतो. पण ‘अजून पाणी’ म्हणजे ‘तेवढंच अजून औषध’ नव्हे, हे या गणिताने स्पष्ट होतं.

आणि पाण्याची किंमत काय?

मोठ्या माणसांत दर वेळी १५ ते ३० मिली फ्लश सर्रास देतात. तोच आकडा आपल्या बाळाला लावून बघू. दर किलोला १०० मिली धरलं तर बाळाला दिवसाला एकूण ६०० मिली द्रव द्यायचाय. फ्युरोसेमाइड दोन वेळा आणि कॅप्टोप्रिल तीन वेळा आहे. सकाळी दोन्ही औषधं एकत्र येतात: पाणी, पहिलं औषध, पाणी, दुसरं औषध, पाणी. तीन फ्लश झाले. दुपारी फक्त कॅप्टोप्रिल, म्हणून दोन. रात्री परत तीन. एकूण आठ. शिवाय दर तीन तासांनी दूध आणि प्रत्येक दुधानंतर एक फ्लश, म्हणजे अजून आठ.

सोळा फ्लश ३० मिलीचे असले तर ४८० मिली. ६०० पैकी! दुधाला जागा राहिली १२० मिलीची. ५ मिलीने ८० मिली होतात, दिवसाच्या द्रवाच्या १३ टक्के, आणि तेही शून्य कॅलरीचे. २ मिलीने ३२ मिली, साधारण ५ टक्के. वाढ खुंटलेल्या बाळासाठी १३ आणि ५ मधला फरक खरा आहे.

म्हणून प्रत्यक्षात आकडे वयानुसार ठरतात. नवजात बाळात साधारण १ ते २ मिली, लहान बाळात २ ते ३, मोठ्या मुलात ५ ते १० मिली. नेमका आकडा त्या विभागाच्या पद्धतीवर, नळीच्या मापावर आणि मुलाच्या द्रवमर्यादेवर ठरतो. पण दोन गोष्टी कायम: फ्लश नळीच्या आकारमानाच्या दुपटीखाली नको, आणि दिलेला प्रत्येक फ्लश चार्टवर द्रव म्हणून मोजला गेला पाहिजे. फ्लशचं पाणी औषधाच्याच सिरिंजमध्ये ओढून द्यायचं, कारण तिच्या टोकाशीही औषध राहतं. सिरिंज तोंडाने किंवा नळीने द्यायच्या औषधांचीच हवी. शिरेत द्यायची सिरिंज वापरली, तर हे औषध चुकून शिरेत जाण्याची वाट उघडी राहते.

या सगळ्याच्या आधी, दर वेळी, नळी जठरातच आहे ना हे बघायचं. नळीतून थोडा स्राव ओढून पीएच पट्टीवर ५.५ किंवा कमी आला तर पुढे जायचं. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, नळी श्वासमार्गात असली तरी आवाज येऊ शकतो. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर पीएच चढा येतो. अशा वेळी किंवा कुठलीही शंका असेल तर डॉक्टरांना सांगून एक्स-रे.

कुठली गोळी खलात घालायची नाही

आता दुसरा प्रश्न: औषध पोचलं, पण कुठल्या रूपात? सहा वर्षांची मुलगी घ्या, वजन २० किलो. फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएटची ‘क्रोनो’ गोळी, ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. आजारपणात गिळता येईना म्हणून रायल्स ट्यूब घातली. घरच्यांनी गोळी कुटली, पाण्यात कालवली आणि दिली. मिलिग्रॅम तेच, वेळ तीच. चुकलं कुठे?

ही गोळी औषध हळूहळू सोडायला बनवलेली आहे. कुटली की ती घडणच मोडते आणि बारा तासांत सुटायचं औषध एकदम सुटतं. सुरुवातीला रक्तातली पातळी उंच जाते, तेव्हा मुलगी गुंगीत जाते, उलटी करते. आणि पुढच्या डोसच्या आधीच्या तासांत पातळी खाली जाते, तेव्हा फिट येऊ शकते. हा क्रम ओळखायला शिका: डोसनंतर गुंगी, पुढच्या डोसआधी फिट. डोस कमी की जास्त या वादात पडण्याआधी विचारा, ‘गोळी कशी देताय?’

उपाय म्हणजे रूप बदलणं. व्हॅल्प्रोएटचं सिरप ५ मिलीत २०० मिग्रॅ असं मिळतं. दिवसाचे ६०० मिग्रॅ तसेच ठेवून ५ मिली तीन वेळा करता येतं. हा बदल डॉक्टरांनी लिहून द्यायचा, घरी ठरवायचा नाही.

पाकिटावर एसआर, सीआर, एक्सआर, ईआर, एमआर, एलए, क्रोनो, रिटार्ड यातलं काही दिसलं की गोळी कुटायची नाही. अक्षरं नसली म्हणून कुटायला मोकळीक आहे असंही नाही, फार्मासिस्टला विचारायचं. गोळीवर मधोमध रेघ आहे म्हणजे चालतं, हा गैरसमज खूप दिसतो. काही सीआर गोळ्या अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत.

दुसरा गट आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाचा. ओमेप्राझोलसारखं औषध जठरातल्या आम्लाने नष्ट होतं, म्हणून त्याच्या दाण्यांवर आवरण असतं. दाणे कुटले तर औषध वाया जातं, आणि आवरणाचे तुकडे नळी तुंबवतात ते वेगळंच. इथे पर्याय म्हणजे लॅन्सोप्राझोलची तोंडात विरघळणारी गोळी. १५ मिग्रॅची गोळी सिरिंजमध्ये ४ मिली पाण्यात न कुटता सुटी होऊ द्यायची, १५ मिनिटांच्या आत द्यायची, आणि मग त्याच सिरिंजमध्ये साधारण ५ मिली पाणी घेऊन मागून द्यायचं. हे ८ फ्रेंच किंवा मोठ्या नळीसाठी आहे, आपल्या ६ फ्रेंचवाल्या बाळाला चालणार नाही.

तिसऱ्या गटात धोका कुटणाऱ्यालाही असतो. मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन यांची भुकटी स्वयंपाकघरात उडता कामा नये. ही औषधं गोळी न कुटता, तयार द्रवरूपात मागवायची.

यात संशोधनाचा प्रश्न कुठे आहे?

कार्बामाझेपिनचं सस्पेन्शन हे उत्तम उदाहरण. प्रयोगात दिसलं, की ते पातळ न करता दिलं तर पीव्हीसीच्या नळीला चिकटून राहतं. तेवढंच पाणी मिसळून दिलं की ही गळती थांबते. वरच्या सूत्राने हे कधीच सांगितलं नसतं, कारण सूत्रात भिंत औषधाला धरून ठेवत नाही.

असा प्रयोग मांडायचा तर नळीच्या खालच्या टोकाला बाहेर पडणारं सगळं गोळा करायचं, त्यातलं औषध एचपीएलसीवर मोजायचं, आणि सिरिंजमध्ये व नळीत उरलेलंही धुऊन मोजायचं. तिन्हींची बेरीज मूळ डोसइतकी आली तरच आकड्यांवर विश्वास ठेवायचा. बेरीज कमी आली तर औषध कुठेतरी विघटित होतंय किंवा तुमची मोजणी चुकतेय, आणि फ्लशच्या आकारमानावर निष्कर्ष काढायची ती वेळ नव्हे. कोऱ्या नळीबरोबरच तीन दिवस दूध जाऊन आतून थर धरलेल्या नळीतही हेच मोजायला हवं, कारण बाळाला लागलेली नळी कोरी राहिलेली नसते.