उणीव नेमकी कुठे?

बेळगावात नर्सिंग शिकणाऱ्या विद्यार्थिनीला केस लिहायची आहे. समजा, रुग्ण म्हणजे कॅम्पातले साठीचे मधुमेही दुकानदार. तळपायाला जखम, इन्सुलिन नुकतंच सुरू झालेलं.

डोरोथिया ओरेम यांनी १९७१ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या स्व-काळजीच्या सिद्धांतानुसार रुग्णाची गरज आणि क्षमता शेजारी-शेजारी लिहायच्या. जेवण, अंघोळ ते स्वतः करतात. तिथे परिचारिकेने मध्ये पडू नये. तळपाय त्यांना दिसत नाही, म्हणून ड्रेसिंग तिने करायचं आणि रोज आरशात पाय बघायला त्यांना शिकवायचं.

इन्सुलिनचं काय? सिरिंजवरच्या रेघा त्यांना वाचता येत नाहीत. इथे ‘ज्ञानाचा अभाव’ असं ठोकळेबाज लिहिलं की केस फसलीच. उणीव नजरेची आहे, उपाय चष्म्याचा. त्यांनी योग्य मात्रा स्वतः भरून दाखवली, तरच उणीव भरल्याची नोंद करायची.