थकलेलं बिल आणि शेवटचं पत्र

पैसे थकले की लहान पुरवठादार आधी फोन करतो, मग व्हॉट्सअॅप करतो, मग एखाद्या शनिवारी स्वतः जाऊन बाहेर तासभर बसतो. समोरून "साहेब टूरवर आहेत" किंवा "पुढच्या आठवड्यात रन लावतो" असं उत्तर येतं. सहा महिन्यांनी प्रकरण वकिलाकडे जातं तेव्हा वकील पहिला प्रश्न विचारतो : लेखी मागणी केलीत का, कोणत्या तारखेला, आणि पोचल्याचा पुरावा आहे का?

कारवाईपूर्वीचं मागणीपत्र लिहायचं ते याच प्रश्नासाठी. पत्र ग्राहकाच्या नावाने असतं, पण त्याचा खरा वाचक तिसराच असतो. तो म्हणजे उद्या ही फाइल ज्याच्या टेबलावर जाईल तो परिषदेचा सदस्य किंवा न्यायाधीश. त्याला तुमचा संताप नको, तुमची वर्षानुवर्षांची निष्ठाही नको. माल काय होता, कधी पोचला, किती पैसे ठरले, किती आले, बाकी किती आणि कधीपर्यंत हवेत, एवढंच त्याला एका पानात कळायला हवं.

एक कल्पित पण रोज घडणारा व्यवहार घेऊ. भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपने चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला स्टीलचे बुश पुरवले. माल 4,00,000 रुपयांचा, 18 टक्के जीएसटी 72,000, एकूण 4,72,000. इन्व्हॉइस 10 जून 2025चं, माल 12 जूनला पोचला, चलनावर कंपनीच्या स्टोअर्सचा शिक्का आणि सही आहे. पीओवर छापलं आहे : पेमेंट 60 दिवसांनी. 27 सप्टेंबरला एक लाख रुपये आले. त्यानंतर नोव्हेंबर संपत आला तरी काही नाही.

मशीन शॉपचा मालक समजतो की पीओवर साठ दिवस लिहिले म्हणजे साठच. तसं नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम 2006 मधल्या कलम 15 नुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवसांत. आपल्या उदाहरणात 12 जूनपासून 45 दिवस म्हणजे 27 जुलै. व्याज 28 जुलैपासून सुरू होतं, पीओ काहीही म्हणो.

"माल स्वीकारला" म्हणजे काय, हा या कायद्याचा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि बहुतेक मागणीपत्रांत नेमका तोच राहून जातो. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. वसुलीच्या भांडणात काय होतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाच महिने कुणी काही बोलत नाही. कडक पत्र जाताच "तुमच्या मालात रिजेक्शन होतं" म्हणून डेबिट नोट येते. म्हणून ही डेबिट नोट येण्याआधीच पत्रात एक वाक्य असायला हवं : माल 12 जूनला मिळाला, 27 जूनपर्यंत आपल्याकडून कोणतीही लेखी हरकत आली नाही. नंतर काढलेली तक्रार मग वाचणाऱ्याला आपोआप उशिराची दिसते. अर्थात हरकत खरंच वेळेत आली असेल तर ती लपवू नका. तिचा उल्लेख करून, वादातले बुश बाजूला काढून, उरलेल्या रकमेची मागणी करा. लपवलेला ई-मेल समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढतो आणि मग बाकीच्या पत्रावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता व्याज. कलम 16 म्हणतं : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ. इथे रेपो रेट धरण्याची चूक फार होते. दोन्ही दर वेगळे आहेत. या व्यवहाराच्या काळात बँक रेट 5.75 टक्के होता, म्हणजे तिप्पट 17.25 टक्के, महिन्याला 1.4375 टक्के. पहिल्या महिन्याचं, 27 ऑगस्टपर्यंतचं व्याज 6,785 रुपये. ते मुदलात मिळवून दुसऱ्या महिन्याचं 6,883. त्या दिवशी आलेले एक लाख वजा केले की बाकी 3,85,668 राहते. तिच्यावर पुढच्या दोन महिन्यांचं व्याज 5,544 आणि 5,624. म्हणून 27 नोव्हेंबर 2025 ला मुद्दल 3,72,000, व्याज 24,835, एकूण 3,96,835. हा हिशेब पत्राला वेगळ्या पानावर जोडायचा. आलेला एक लाख त्यात तारखेसह दिसलाच पाहिजे. मिळालेली रक्कम न दाखवता पूर्ण 4,72,000 मागणं ही वसुलीतली सर्वांत महाग चूक आहे, कारण समोरच्याला बाकी सगळं सोडून तेवढ्यावरच बोलता येतं.

पत्र साधारण असं होईल :

"विषय : इन्व्हॉइस दि. 10 जून 2025, थकबाकी रु. 3,96,835, कारवाईपूर्व अंतिम मागणी.
आपल्या खरेदी आदेशानुसार आम्ही स्टील बुश पुरवले. माल आपणांस 12 जून 2025 रोजी मिळाला. पोच दिलेल्या चलनाची प्रत सोबत आहे. 27 जूनपर्यंत आपली लेखी हरकत आली नाही. इन्व्हॉइसची रक्कम रु. 4,72,000 असून 27 सप्टेंबर रोजी रु. 1,00,000 मिळाले. मुद्दल बाकी रु. 3,72,000 आहे. आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत. त्यामुळे 2006 च्या अधिनियमाच्या कलम 15 व 16 नुसार 27 नोव्हेंबरअखेर रु. 24,835 व्याज देय आहे आणि रक्कम मिळेपर्यंत ते वाढत राहील. एकूण रक्कम 15 डिसेंबर 2025 पर्यंत खालील खात्यात जमा करावी. रक्कम किंवा हरकतीचं लेखी कारण तोवर न आल्यास आम्ही कलम 18 नुसार सुविधा परिषदेकडे अर्ज करू."

खाली सही, शिक्का, बँक खातं आणि जोडलेल्या कागदांची यादी : पीओ, इन्व्हॉइस, चलन, ई-वे बिल, उद्यम प्रमाणपत्र, व्याजाचा हिशेब. पत्रात "लवकरात लवकर" लिहू नये, तारीख लिहावी. आणि हरकतीचं कारण मागणारं वाक्य मुद्दाम ठेवावं. उत्तरात ग्राहकाने "कॅश फ्लोची अडचण आहे, जानेवारीत देतो" असं लिहून सही केली, तर ती कर्जाची लेखी कबुली ठरते आणि तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. आपणच पाठवलेल्या पत्राने ही मुदत वाढत नाही, हा मोठा गैरसमज आहे. दर सहा महिन्यांनी नोटीस पाठवत राहिलेल्या माणसाची मुदत शांतपणे संपून जाते.

दोन गोष्टी पत्रात थोड्या शब्दांत घालाव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण त्या मालकापेक्षा त्याच्या अकाउंटंटला आधी समजतात. एक, इन्व्हॉइसपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. इथे ती तारीख 7 डिसेंबर आहे आणि रक्कम सुमारे 56,700 रुपये. दुसरी, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरला जातो. म्हणजे 31 मार्चलाही पैसे थकलेले असतील, तर त्या वर्षीच्या नफ्यावर ग्राहकाचा कर वाढतो. हे धमकीच्या सुरात नव्हे, माहिती म्हणून लिहावं.

धमकी मात्र कुठेच नको. "पोलिसात देऊ", "तुमच्या ग्राहकांना कळवू", "बाजारात नाव घालवू" असलं एक वाक्यही पुरवठादारालाच अडचणीत आणतं. पैशाचा साधा वाद पोलिसांचा नसतो, आणि त्यांच्या ग्राहकांना पाठवलेली प्रत अब्रुनुकसानीच्या दाव्याचं निमित्त होऊ शकते. तडजोड सुचवायची असेल तर वेगळ्या पत्रात सुचवावी. याच पत्रात "साडेतीन लाखांवर मिटवू" लिहिलं की पुढची सगळी बोलणी साडेतीन लाखांच्या खालून सुरू होतात.

पत्र परचेसच्या माणसाला व्हॉट्सअॅप करून भागत नाही. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, संचालकांच्या नावे पाठवावं. हा पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टाला नोंदणी आणि पोच जोडून घ्यावी, शिवाय ई-मेलही करावा. पाकीट "घेण्यास नकार" अशा शेऱ्याने परत आलं तर ते उघडू नका. न उघडलेलं ते पाकीटच पुढे पुरावा म्हणून दाखवता येतं.

हा सगळा रस्ता सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा आहे, आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर तो निर्धोक राहतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण उशिरा पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही. त्याच्या पत्रात एक ओळ जास्त महत्त्वाची : व्याज मागितलं जाईल असं स्पष्ट लिहिणं. व्याज अधिनियम 1978 नुसार करारात व्याज ठरलेलं नसेल तेव्हा न्यायालय अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. पुढे त्याला दिवाणी दाव्याकडे जावं लागतं, आणि तीन लाखांवरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

आपल्या मशीन शॉपने मात्र 16 डिसेंबरला पत्रासोबतचीच कागदपत्रं घेऊन परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करावा. पत्र नीट लिहिलं असेल तर अर्जाचं निम्मं काम झालेलं असतं. पुरवठादार जिथे आहे तिथली परिषद हे प्रकरण ऐकते. कंपनी चाकणची असो की चेन्नईची, भोसरीवाल्याला परगावी खेटे घालावे लागत नाहीत. परिषद आधी समेट घडवून पाहते, नाही झाला तर लवाद होतो. कायद्यात 90 दिवसांची मुदत लिहिली आहे, प्रत्यक्षात ती पुष्कळदा ओलांडली जाते. पण निकाल पुरवठादाराच्या बाजूने लागल्यावर कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असेल, तर कलम 19 नुसार निकालातल्या रकमेच्या 75 टक्के आधी भराव्या लागतात. नेमक्या या कलमामुळे बरेच खरेदीदार परिषदेची नोटीस आल्यावर, निकालाची वाट न पाहता, बाकी किती ते विचारायला स्वतःच फोन करतात.